अकरा दिवसांचं भाडं: फोंड्यातल्या एका फ्लॅटचा हिशोब

रक्कम ६,६०० रुपये. एवढ्यासाठी वकिलाकडे कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. ती मुलगीही खरं तर त्यासाठी आली नव्हती. पुण्याला बदली झाल्यावर तिथे नवीन घराचा करार करायचा होता, मसुदा मला दाखवायला आणला होता. चहा होईपर्यंत सहज म्हणाली, "आधीच्या घराचं एक राहिलंच आहे, पण ते आता सोडून दिलंय." आणि फोनवरचे मेसेज माझ्यापुढे धरले. मेसेज वाचले आणि पुण्याचा मसुदा बाजूला राहिला.

मूळ प्रश्न दिसायला साधा आहे. भाडेकरूने महिन्याचं भाडं आगाऊ भरलं. महिना संपायच्या आत सामान हलवलं. मालकाने तो महिना संपायच्या आतच दुसऱ्याला घर दिलं आणि त्याच्याकडूनही त्याच दिवसांचे पैसे घेतले. पहिल्याला उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळतं का? भाडेकरूला विचारलं तर "अर्थातच", मालकाला विचारलं तर "कशाला म्हणून?". दोघेही अर्धे चुकतात, आणि कुठे चुकतात ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं.

आधी घटना सांगते. नावं, सोसायटी आणि ओळख पटेल अशा गोष्टी वगळल्या आहेत.

मुलगी मूळची सावंतवाडीकडची, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला. फोंड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट. करार १ जून २०२४ पासून अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला, वर ठळक अक्षरात "लीव्ह अँड लायसन्स". भाडं १८,६०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ. डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ३७,२००. कोणत्याही बाजूने सोडायचं असेल तर एक महिन्याची लेखी सूचना. लॉक-इन, म्हणजे ठराविक महिने घर सोडता येणार नाही अशी अट, नाही. मालक निवृत्त शिक्षक, म्हार्दोळकडे राहणारे, हिशोबाला चोख. ती त्यांना काका म्हणायची, ते तिला बाय. सात महिन्यांत एकदाही वाद नाही.

२८ नोव्हेंबरला तिने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की ३१ डिसेंबरला घर सोडते. काकांनी "बरं बाय" असं उत्तर दिलं, म्हणजे सूचना पोचली आणि मान्य झाली. ३ डिसेंबरला तिने डिसेंबरचं भाडं भरलं. १४ तारखेला, शनिवारी, टेंपोने बहुतेक सामान पुण्याला गेलं. मागे राहिलं एक लोखंडी कपाट आणि गॅसची शेगडी. चाव्यांचे दोन जोड होते. एक जोड तिने १५ तारखेला काकांना दिला, घर बघायला कोणी आलं तर दाखवता यावं म्हणून. दुसरा जोड तिच्याकडेच राहिला. २९ तारखेला येऊन झाडलोट करायची, कपाट न्यायचं आणि डिपॉझिटचा हिशोब करायचा, असं ठरलं होतं.

१६ ला काकांनी विचारलं, घर रंगवून घेऊ का? तिने लिहिलं, "हो काका, काहीच हरकत नाही." १७ आणि १८ ला रंग झाला. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी होती. त्या दिवशी एक कुटुंब घर बघायला आलं, त्यांना ते आवडलं आणि त्यांना लगेच हवं होतं. काकांनी संध्याकाळी फोन केला, "बाय, ते कपाट तेवढं ने गो, लोकांना अडचण होते." दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, तिचा भाऊ सावंतवाडीहून गाडी घेऊन आला, कपाट आणि शेगडी घेऊन गेला, जाताना दुसरी चावी काकांच्या हातात दिली. निघण्याआधी ताईने सांगून ठेवल्याप्रमाणे त्याने विजेच्या मीटरचा फोटो काढला. त्याच सकाळी तिने काकांना मेसेज केला होता: "काका, भावाकडे दुसरी चावी पाठवतेय. कपाट तो नेईल. ३१ पर्यंतच्या भाड्याचं डिपॉझिटच्या हिशोबात बघू."

तो शेवटचा मेसेज लक्षात ठेवा.

२१ ला नवीन कुटुंब आलं. तिला हे कळलं ते शेजारच्या बाईंकडून, "तुमच्या जागी छान लोक आलेत" अशा निरागस निरोपातून. डिपॉझिटसाठी २९ ला यायची गरज नाही, पैसे पाठवतो, असं काकांनी सांगितलं. ६ जानेवारीला ३५,५२० रुपये आले. कापले होते डिसेंबरच्या विजेचे ४८० आणि साफसफाईचे १,२००. भाड्याबद्दल अक्षर नाही. तिने विचारलं तर उत्तर आलं, "नोटिशीचा महिना आहे बाय, तो भरावाच लागतो."

तिची मागणी १७ दिवसांची होती: १५ ते ३१ डिसेंबर. हिशोब तिने ३० ने भागून केला होता, ६२० रुपये रोज, एकूण १०,५४०. मी तिला पहिल्यांदा जे सांगितलं ते तिला आवडलं नाही. तुझे सतरा दिवस होत नाहीत, अकरा होतात, आणि भाग ३१ ने जातो.

सतरा का नाहीत? भाडं आपण तिथे झोपण्याचे पैसे म्हणून देत नाही. ते घर आपल्या हातात असण्याचे पैसे असतात. १५ ते २० या सहा दिवसांत तिचं कपाट आत होतं, एक चावी तिच्या पर्समध्ये होती, आणि पुण्याचं तिचं काम रद्द झालं असतं तर ती रात्री अकराला येऊन दार उघडून आत झोपू शकली असती. काकांकडची चावी फक्त दाखवण्यापुरती होती. ताबा तिचाच होता. ती राहिली नाही हा तिचा प्रश्न, काकांचा नाही.

"पण दोन दिवस रंगारी होते की आत," ती म्हणाली. होते, तिच्या परवानगीने. "काहीच हरकत नाही" असं लिहून दिल्यावर त्या दोन दिवसांचे पैसे मागता येत नाहीत. तेव्हाच "मग या दिवसांचं बघूया काका" एवढं लिहिलं असतं तर बोलायला जागा होती. भाडेकरू इथे नेहमी फसतात. भलेपणाने हो म्हणतात आणि महिन्याअखेर त्या होकाराची किंमत मागतात.

आता अकरा दिवस, २१ ते ३१. इथे काकांची बाजू मी आधी मांडते, कारण ती दिसते त्याहून मजबूत आहे. करार लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायच्या नुसत्या परवानगीचा, धरला तर भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम ६२ प्रमाणे लायसन्स घेणाऱ्याने आपला हक्क उघडपणे किंवा वागणुकीतून सोडून दिला तर लायसन्स संपतं. करार खरा भाडेपट्टा धरला, आणि कुलूपकिल्लीसकट पूर्ण ताबा तिचा होता म्हणून तसं म्हणायला वाव आहे, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम १११ मध्ये "गर्भित प्रत्यर्पण" आहे, म्हणजे दोघांच्या वागण्यातून भाडेपट्टा सोडून दिल्याचं दिसणं. कागदावर वर काय नाव लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार काय होता हे कोर्ट बघतं. पण आपल्या प्रश्नापुरतं कुठल्याही वाटेने गेलं तरी एकाच ठिकाणी पोचतो: २० डिसेंबरला दुसरी चावी दिली आणि घर सुटलं. काकांचं म्हणणं हेच की तिने स्वतःहून सोडलं, मी हाकललं नाही. मी हाकललं असतं तर गोष्ट वेगळी. आणि ते बरोबर आहे. मालकाने मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागायला सुविधाधिकार कायद्याचंच कलम ६४ आहे, पण कपाट हसत नेलेल्या माणसाला ते वापरता येत नाही.

मग पैशाचं काय? ६२ आणि १११ ही दोन्ही कलमं हक्क कधी संपला एवढंच सांगतात. आगाऊ घेतलेल्या भाड्याचं काय करायचं याबद्दल त्यांत काही नाही. "घर पुन्हा दिलं तर इतके दिवस परत करावेत" असं वाक्य कुठल्याही कायद्यात सापडणार नाही, शोधू नका.

माझ्या मते बसतं ते करार कायदा, १८७२ चं कलम ७०. हे कलम फारसं चर्चेत नसतं. त्याचा आशय असा: एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं किंवा त्याला काही दिलं, ते फुकट देण्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा फायदा उपभोगला, तर त्या दुसऱ्याने त्याची भरपाई केली पाहिजे. आता २० तारीख या कलमाशेजारी ठेवून बघा. तिने काय दिलं? चावी, म्हणजे अकरा दिवसांचा ताबा, जो तिने पैसे मोजून घेतलेला होता. कोणाच्या सांगण्यावरून दिला? काकांच्या फोनवरून. फायदा कोणाला झाला? काकांना, एक दिवसही रिकामा न जाता नवीन भाडेकरू मिळाला. राहिला एकच मुद्दा, फुकट देण्याचा हेतू होता का? आणि त्याचं उत्तर त्या मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे: "३१ पर्यंतच्या भाड्याचं डिपॉझिटच्या हिशोबात बघू."

ती ओळ नसती तर? खरं सांगते, मग मी तिला पुण्याच्या मसुद्याकडेच वळवलं असतं. चावी नेऊन दिली, धन्यवाद म्हटलं, भाड्याबद्दल चकार शब्द नाही, तर दोन आठवड्यांनी केलेली मागणी म्हणजे नंतर सुचलेली गोष्ट वाटते. मालक म्हणतो, तिला लवकर मोकळं व्हायचं होतं, मी उपकार म्हणून कपाट ठेवू दिलं होतं. ते खोडायला हातात काही नसतं. लॅबमध्ये काम करणारी मुलगी, प्रत्येक गोष्ट नोंदवायची सवय, म्हणून सहज लिहिली गेलेली ती ओळ होती. कायदा डोक्यात ठेवून लिहिलेली नव्हती. पण तिचं काम तिने केलं.

पुढचा प्रश्न पुराव्याचा. नवीन कुटुंब २१ ला आलं हे दाखवायचं कसं? शेजारच्या बाई लिहून देणार नाहीत, आणि त्यांना त्यात ओढूही नये, त्यांना तिथेच राहायचं आहे. नवीन भाडेकरूने स्वतःचा करार आपल्याला दाखवायचं काही कारण नाही. भाडेकरूच्या माहितीचा जो फॉर्म पोलीस स्टेशनात द्यायचा असतो त्यावर तारीख असते, पण तो आपल्या हातात येत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत टेंपोची नोंद असू शकते, ती बघायला सेक्रेटरीची मर्जी लागते. काकांनी तर फोनवर सांगून टाकलं होतं, "ते १ जानेवारीपासून आले. आधी फक्त सामान ठेवलं होतं."

मग मी तिला विचारलं, विजेचे ४८० कापले त्याचं बिल पाठवलं का त्यांनी? पाठवलं होतं. चोख माणूस, कापलेल्या प्रत्येक पैशाचा कागद देणारा. बिलावर मागचं रीडिंग २ डिसेंबरचं, ४,२४१. चालू रीडिंग २ जानेवारीचं, ४,३९७. एकूण १५६ युनिट. आता तिच्या फोनमधले फोटो: १४ डिसेंबरला घर हलवताना ४,३१२, आणि २० ला भावाने काढलेला ४,३१८. मधले सहा युनिट रंगाऱ्यांचे, दिवे आणि पंखा.

म्हणजे २० तारखेच्या दुपारपासून २ जानेवारीपर्यंत ७९ युनिट जळाले. २१ ला कुटुंब आलं धरलं तर तेरा दिवसांत ७९, रोजचे सहा. फ्रिज, पंखे, टीव्ही असलेल्या घराचा हाच आकडा असतो. तिचा स्वतःचाही बारा दिवसांत ७१, म्हणजे रोजचे सहाच होता. १ जानेवारीला आले धरलं तर हे सगळे ७९ एक-दीड दिवसात जळायला हवेत. दोन खोल्यांत तेवढी वीज जाळायची म्हटलं तर वेल्डिंगचं दुकानच काढावं लागेल. तिच्या डिपॉझिटमधून कापायला म्हणून काकांनी जे बिल पाठवलं, त्यानेच त्यांची तारीख खोटी पाडली. शिवाय त्यातले निम्मे युनिट तिचे नव्हतेच. ७७ तिचे, ७९ नवीन लोकांचे. ४८० पैकी २४० तिने भरायचे, उरलेले २४० परत यायला हवेत.

आणि "फक्त सामान ठेवलं होतं" हे खरं मानलं तरी काय फरक पडतो? काहीच नाही. तिचं कपाट आत होतं म्हणून १५ ते २० चं घर तिचं धरलं ना? त्याच मापाने २१ पासून दुसऱ्याचं सामान आत, दुसऱ्याचं कुलूप दाराला, तर ते दिवस तिचे कसे? जे माप तिच्या विरुद्ध लावलं तेच तिच्या बाजूनेही लावायचं. हे पटल्यावर तिने सतरा दिवसांचा हट्ट सोडला. मला वाटतं त्याच क्षणी प्रकरण सुटलं, कारण त्यानंतर आमच्या मागणीत काकांना टोचायला पोकळ जागा उरली नाही.

तीस की एकतीस, तेही सांगते. करारात रोजचा दर नसेल तर लोक सवयीने ३० ने भागतात. पण तिने १८,६०० भरले ते डिसेंबरच्या महिन्याचे, आणि डिसेंबरचे दिवस ३१. एका दिवसाचे ६०० होतात. अकरा दिवसांचे ६,६००. तीसने भागलं तर ६,८२०, म्हणजे एकतीसाव्या दिवसाचे पैसे हवेतून आणावे लागतात. दोनशेवीस रुपयांसाठी समोरच्याला आपला हिशोब चुकीचा म्हणायची संधी देऊ नये.

साफसफाईचे १,२०० आम्ही सोडले. तिला २९ ला येऊन स्वतः करायची होती, चावी गेल्यामुळे जमलं नाही, हे खरं. पण घर अस्वच्छ सोडलं हेही खरं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

८ जानेवारीला मी काकांना पत्र पाठवलं. वकिलाच्या नोटिशीचा थाट मुद्दाम टाळला. "माझ्या अशीलाच्या वतीने" ने सुरू होणारं पत्र निवृत्त शिक्षकाला गेलं की ते पहिल्या ओळीलाच पेटतात आणि दुसऱ्या वकिलाकडे जातात. पानभर साधं मराठी: अमुक तारखेला तुमचा फोन, अमुक तारखेला चावी, सोबत तिचा मेसेज, सोबत तुमच्याच बिलाची प्रत आणि मीटरचे दोन फोटो. नवीन कुटुंब २१ पासून घरात होतं असं यावरून दिसतं. त्या अकरा दिवसांचे ६,६०० आणि विजेचे २४०, एकूण ६,८४० द्यावेत. कुठे चुकत असेल तर दाखवावं. कलम ७० चा उल्लेख एका ओळीत, शेवटी.

पुढच्या आठवड्यात ते ऑफिसात आले. एकटे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत हिशोबाची वही. बसल्या बसल्या म्हणाले, "वकीलबाई, मला एवढंच सांगा. तिने घर रिकामं ठेवलं असतं, तर भाडं मला मिळालंच असतं ना?"

"मिळालं असतं."

"एक पैसा परत द्यावा लागला नसता?"

"नाही."

"मग?"

हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक होता. नोटिशीच्या महिन्याचं भाडं मालकाचं असतं, घर रिकामं राहिलं तरी. ते का? कारण त्या महिन्यात त्याने घर तिच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. दुसऱ्याला दिलं नाही, ही त्याची बाजू. पैसे तिने भरले, ही तिची. मी म्हणाले, "काका, घर राखून ठेवण्याचे पैसे तुम्ही घेतले. २१ पासून घर राखलंत का? २५ ला तिने येऊन दार वाजवलं असतं तर काय सांगितलं असतंत?"

ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मग वही उघडून माझ्याकडे वळवली. त्यात होतं: नवीन भाडं २१,७००, डिसेंबरचे ११ दिवस, ७०० प्रमाणे ७,७००, घेतले. तारीख २१. मी मागितलंही नव्हतं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस स्वतःच्या वहीत खोटं लिहू शकला नाही, तोंडी बोलून गेला तेवढंच.

मग एजंटचा मुद्दा काढला. नवीन भाडेकरू आणल्याबद्दल एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं, १०,८५० दिले, ते त्यातून वजा करा म्हणाले. याचं उत्तर तिने दिलेल्या नोटिशीत होतं. ती ३१ ला सोडणार हे महिनाभर आधी रीतसर कळवलेलं होतं. जानेवारीत नवीन माणूस आणायचा तर एजंट तेव्हाही लागलाच असता. तिच्या लवकर जाण्यामुळे तो खर्च झाला नाही, म्हणून तो तिच्या अंगावर येत नाही.

करारात लॉक-इन असतं, किंवा ती नोटीस न देता निघून गेली असती, तर सगळं उलटं झालं असतं. मग करार तिने मोडला असता, एजंटचा खर्च तिच्या नावावर गेला असता, आणि घर पुन्हा देणं हे मालकाने स्वतःचं नुकसान कमी करणं ठरलं असतं, जे करार कायद्याचं कलम ७३ त्याच्याकडून अपेक्षितच धरतं. तेव्हा नवीन भाडेकरूकडून जेवढे मिळाले तेवढेच तिच्या देण्यातून वजा झाले असते, आणि परत मिळण्याऐवजी तिलाच वर काही द्यावं लागलं असतं. "माझ्या मैत्रिणीला परत मिळाले" म्हणून मालकाशी भांडायला जाणाऱ्यांनी आधी आपल्या करारातला हा एक परिच्छेद वाचावा.

मुलीनेही एक हाव दाखवली, तेही लिहायला हवं. वहीतले ७०० कळल्यावर तिचा फोन आला, "मग ७०० प्रमाणेच द्यायला सांगा ना, माझेच दिवस विकले त्यांनी." नाही. तिने ६०० मोजून घेतलेली वस्तू ६०० ची. वरचे १०० रंगवलेल्या घराचे आणि काकांच्या सौद्याचे.

कोर्टात गेलो असतो तर? दावा लावायला तीन वर्षांची मुदत होती, पण ६,८४० साठी दिवाणी दावा म्हणजे फोंड्याच्या कोर्टात पुण्याहून फेऱ्या. ग्राहक आयोगाचा रस्ता नव्हता. नुसतं घर भाड्याने देणं ही त्या कायद्याच्या अर्थाने सेवा धरली जात नाही. गोव्याचा १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा मुख्यतः घर खाली करणं आणि वाजवी भाडं यासाठी आहे. मी तिच्यासाठी राखून ठेवलेली वाट तालुका विधी सेवा समितीची होती. तिथे दावा लावण्याआधीच लोकअदालतीसाठी साधा अर्ज देता येतो, कोर्ट फी नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, त्यावर अपील नाही. मर्यादा एकच, समोरचा आला पाहिजे आणि कबूल झाला पाहिजे. कलम ७० चा माझा अर्थ न्यायाधीशाने शंभर टक्के मानला असता असंही मी म्हणणार नाही. मेसेजमधल्या "बघू" या एका शब्दावर समोरच्या वकिलाने अर्धा तास घालवला असता.

ते काही करावं लागलं नाही. काकांनी तिथेच फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि ६,८४० पाठवले. शेऱ्यात लिहिलं, "डिसेंबर ११ दिवस + लाइट". मग मला म्हणाले, नवीन लोकांच्या करारात यावर एक ओळ घालून द्या, पुन्हा ही कटकट नको. मी लिहून दिली: "नोटिशीच्या मुदतीत भाडेकरूने ताबा परत दिल्यावर मालकाने ती मुदत संपण्याआधी जागा दुसऱ्यास दिल्यास, दुसऱ्यास ताबा दिलेल्या दिवसापासून मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे भाडे, त्या महिन्याच्या दिवसांच्या प्रमाणात, मालक परत करील."

त्यांनी ती दोनदा वाचली. पेन्सिलीने "त्या महिन्याच्या दिवसांच्या प्रमाणात" खाली रेघ मारली.

"म्हणजे फेब्रुवारीत अठ्ठावीसने भागायचं?"

"हो."

"मग दिवस महाग पडतो."

"पडतो काका."

वही पिशवीत घालून उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले आणि म्हणाले, "तीस लिहा."

मी तीस लिहिलं.